कोण म्हणाले आणि काय ठरले

सभा, मुलाखत किंवा साक्ष यांची शब्दशः नोंद म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. तिच्यावरून केलेला सारांश तपासताना एकच प्रश्न विचारायचा असतो: या विधानाला नोंदीतल्या कोणत्या ओळीचा आधार आहे? सारांश ओघवता आहे का, पटतो का, खरा वाटतो का, हे प्रश्न तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे लागतात. उलट ओघवता सारांश तपासायला जास्त अवघड जातो. त्यात वाक्य वाक्याला इतके नीट जोडलेले असते की मधला आधार नसलेला दुवा नजरेतून निसटतो.

या तपासणीत सापडणारे दोष मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला, नोंदीत मुळीच नसलेला तपशील: एखादी तारीख, हुद्दा, आकडा, गावाचे नाव. दुसरा, नोंदीतल्या शब्दांना पेलणार नाही एवढा मोठा दावा: शंका बोलून दाखवली असताना सारांशात निष्कर्ष येतो, सूचना मांडली असताना निर्णय येतो. तिसरा, एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घालणे. पहिला प्रकार सर्वांत बदनाम असला तरी पकडायला सोपा आहे, कारण शोधले की तपशील नोंदीत मिळतच नाही. पुढच्या दोन प्रकारांत सारांशातला प्रत्येक शब्द नोंदीत सापडतो आणि तरीही सारांश चुकीचा असतो. म्हणून तपासणाऱ्याचा खरा वेळ या दोघांवर जातो.

बडोद्याच्या वायव्येला असलेल्या गोरव्यातली एखादी फ्लॅटची सोसायटी घ्यावी. मराठी आणि गुजराती कुटुंबे शेजारी राहतात आणि वार्षिक सभेत दोन्ही भाषा चालतात. पुढचा संवाद उदाहरणासाठी रचलेला आहे, पण अशा सभा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल.

१. सचिव: टाकीच्या दुरुस्तीचं कोटेशन आलंय. पावणेदोन लाख.
२. खजिनदार: जीएसटी धरून?
३. सचिव: ते विचारावं लागेल.
४. एक सभासद: ह्याच माणसानं मागच्या वेळी काम अर्धवट टाकलं होतं म्हणे.
५. अध्यक्ष: ते मला माहीत नाही. पण दुसरं कोटेशन मागवू या.
६. खजिनदार: काही करा, पावसाळ्याआधी काम झालं पाहिजे.
७. अध्यक्ष: बरोबर आहे. पुढच्या सभेत ठरवू.

यावरून झालेला सारांश असा: ‘टाकीच्या दुरुस्तीसाठी जीएसटीसह पावणेदोन लाख रुपयांचे कोटेशन मिळाले आहे. संबंधित ठेकेदाराने पूर्वीचे काम अर्धवट सोडल्याचे अध्यक्षांनी निदर्शनास आणले. त्यामुळे दुसरे कोटेशन मागवून पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करण्याचा निर्णय घेण्यात आला.’

तीन वाक्यांचा हा मजकूर पहिल्या वाचनात निर्दोष वाटतो. सभेला हजर असलेल्या माणसालाही तो खटकेलच असे नाही, कारण टाकी, पावणेदोन लाख, जीएसटी, अर्धवट काम, दुसरे कोटेशन, पावसाळा हे सगळे विषय सभेत निघालेच होते. तपासणीची पहिली पायरी म्हणजे ही वाक्ये फोडणे. एका विधानात एकच गोष्ट उरेल इतके बारीक तुकडे करायचे. पहिल्या वाक्याचे तीन तुकडे होतात: कोटेशन आले, ते पावणेदोन लाखांचे आहे, त्यात जीएसटी धरलेला आहे. पहिल्या दोघांना ओळ १चा आधार आहे. तिसऱ्यासाठी ओळ २कडे बोट जाते, पण ती ओळ प्रश्न आहे आणि ओळ ३मध्ये त्याचे उत्तर मिळालेले नाही. विचारलेली गोष्ट सांगितलेली म्हणून सारांशात शिरली. हा दोष फार वेळा घडतो, कारण सारांश करताना प्रश्नचिन्हे सगळ्यांत आधी गळतात.

दुसऱ्या वाक्यात दोन दोष एकमेकांवर चढले आहेत. बोलणारा सभासद होता, अध्यक्ष नव्हे. अध्यक्षांनी तर ‘मला माहीत नाही’ असे स्पष्ट म्हटले आहे. सारांश ते ठेकेदाराविरुद्धचे विधान नेमके त्यांच्याच नावावर टाकतो. शिवाय सभासदानेही ते स्वतःच्या खात्रीने सांगितलेले नाही. वाक्याच्या शेवटी आलेला ‘म्हणे’ सांगतो की ही ऐकीव गोष्ट आहे. हा दोन अक्षरी शब्द गेला की ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष माहिती बनते, आणि ‘निदर्शनास आणले’ हे क्रियापद तिच्यावर खरेपणाचा शिक्काही मारते. क्रियापदांकडे म्हणूनच वेगळे लक्ष द्यावे लागते. ‘म्हणाले’ हे तटस्थ आहे. ‘कबूल केले’, ‘उघड केले’, ‘स्पष्ट केले’, ‘दाखवून दिले’ ही क्रियापदे बोलणाऱ्याचे म्हणणे खरे धरून चालतात. नोंदीत तसा आधार नसेल तर तो निवाडा सारांश करणाऱ्याचा असतो, सभेचा नसतो.

तिसऱ्या वाक्यातला ‘त्यामुळे’ हा आणखी एक आगंतुक. दुसरे कोटेशन का मागवायचे हे अध्यक्षांनी सांगितलेले नाही. सभासदाच्या शंकेमुळे असेल, किमतीमुळे असेल, किंवा दोन कोटेशने घ्यायची सोसायटीची रीतच असेल. लागोपाठ आलेल्या दोन गोष्टींमध्ये कार्यकारण जोडणे ही लिहिणाऱ्याची सवय असते. उरला ‘निर्णय’. कोटेशन मागवू या ही सूचना आहे. तिला कुणी विरोध केला नाही, पण ती संमत झाल्याचीही नोंद नाही. पावसाळ्यापूर्वी काम व्हावे ही खजिनदाराची मागणी. अध्यक्षांचे ‘बरोबर आहे’ तिला दुजोरा देते, पण त्याच दमात ते विषय पुढच्या सभेवर टाकतात. या सभेत काम करण्याचा निर्णय झालाच नाही.

दुरुस्त सारांश असा होईल: ‘टाकीच्या दुरुस्तीचे पावणेदोन लाख रुपयांचे कोटेशन आल्याचे सचिवांनी सांगितले, त्यात जीएसटी धरला आहे का, ते विचारायचे आहे. याच ठेकेदाराने मागे काम अर्धवट टाकल्याचे ऐकिवात असल्याचे एका सभासदाने म्हटले. आपल्याला त्याची माहिती नसल्याचे अध्यक्षांनी सांगितले. अध्यक्षांनी दुसरे कोटेशन मागवण्याची सूचना केली. काम पावसाळ्यापूर्वी व्हावे असे खजिनदारांनी म्हटले व अध्यक्षांनी त्याला दुजोरा दिला. विषय पुढच्या सभेत ठरवायचा आहे.’ हा मजकूर पहिल्यापेक्षा थोडा लांब आणि कमी गोळीबंद आहे. ती किंमत द्यावीच लागते. उद्या त्या ठेकेदाराने बदनामीची तक्रार केली, तर पहिल्या सारांशाच्या जोरावर अध्यक्षांना न बोललेल्या वाक्याचा जाब द्यावा लागेल.

तपासणी सारांशाकडून नोंदीकडे जाते, हे इथे लक्षात आले असेल. नोंद आधी वाचून मग सारांश वाचला तर वाचणाऱ्याची स्मृती मधल्या फटी बुजवते. सारांशाचा एक तुकडा घ्यायचा, त्याची ओळ शोधायची, समासात ओळीचा आकडा लिहायचा आणि मगच पुढच्या तुकड्याकडे जायचे. आकडा लिहिता येत नाही तिथे थांबायचे. पडद्यावर शब्द शोधण्याची सोय असली तरी तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ‘जीएसटी’ शोधला तर ओळ २ सापडते आणि काम झाले असे वाटते. उत्तर अजून मिळालेले नाही, हे त्या शब्दाशिवायच सांगणारी ओळ ३ मात्र निसटते. सापडलेल्या ओळीच्या आधीचे आणि नंतरचे बोलणे वाचल्याशिवाय आधार मिळाला असे धरता येत नाही. लांब सभेत तर एकाने सुरुवातीला केलेले विधान तासाभराने त्यानेच मागे घेतलेले असते. म्हणून माणसामाणसाचे बोलणे वेगळे काढून शेवटपर्यंत एकदा वाचावे लागते.

हीच पद्धत मोठ्या नोंदीला लावली की काय दिसते, याचे बडोद्याइतके चांगले उदाहरण मराठी वाचकाला क्वचितच मिळेल. १८७५ साली तिथले महाराज मल्हारराव गायकवाड यांच्याविरुद्ध आयोगापुढे जी चौकशी झाली तिचे कामकाज शब्दशः टिपले गेले आणि छापले गेले. तिचा जो सारांश तोंडोतोंडी आणि पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला, तो साधारण असा असतो: ‘रेसिडेंट कर्नल फेअर यांना हिऱ्याची पूड घालून मारण्याचा प्रयत्न केल्याबद्दल मल्हाररावांना आयोगाने दोषी ठरवले आणि त्यामुळे त्यांना गादीवरून काढण्यात आले.’ हे एक वाक्य फोडले तर पाच विधाने निघतात: विषप्रयोगाचा प्रयत्न झाला, विष म्हणजे हिऱ्याची पूड होती, तो प्रयत्न मल्हाररावांनी केला, आयोगाने त्यांना दोषी ठरवले, त्या कारणाने ते पदच्युत झाले.

पहिल्या विधानाची घटना ९ नोव्हेंबर १८७४ची. फेअर यांनी सकाळी पपनसाच्या रसाचे सरबत थोडेसे घेतले, त्यांना अस्वस्थ वाटू लागले, उरलेले त्यांनी फेकून दिले आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. हे त्यांचे स्वतःचे कथन आहे. गाळाची तपासणी आधी रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी आणि नंतर मुंबईचे सरकारी रसायनतज्ज्ञ डॉ. ग्रे यांनी केली. त्यात सोमल आढळला. इथे दुसरे विधान ढासळू लागते. सोमल रासायनिक परीक्षेने ओळखता येतो. गाळातल्या चकाकणाऱ्या कठीण कणांना हिरा म्हणणे हे वेगळ्या बळाचे विधान आहे. आणि सोमल व हिरे कुठून, कसे आणले गेले ही कहाणी तर प्रयोगशाळेतून आलेलीच नाही. ती मल्हाररावांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांच्या जबानीत आहे. दामोदरपंत अटकेत होते आणि माफीचे साक्षीदार झाले होते. तेव्हा ‘हिऱ्याची पूड’ म्हणताना ते कुणाचे म्हणणे आहे हे सांगावे लागते, आणि सोमल वगळून चालत नाही. लोककथेने नेमका सोमल वगळला आणि हिरा ठेवला, कारण राजवाड्याच्या गोष्टीत हिरा शोभतो. सारांशात कोणता तपशील टिकतो हे पुष्कळदा पुराव्याच्या बळापेक्षा त्याच्या चमकेवर ठरते. म्हणून सर्वांत लक्षात राहणारा तपशील सर्वांत आधी तपासावा.

तिसऱ्या विधानात कर्ता बदलला आहे. आरोप चार होते: मल्हाररावांनी रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संधान बांधले, त्यांना पैसे दिले, त्यामागे बातम्या काढण्याचा आणि फेअर यांना विषाने इजा करण्याचा हेतू होता, आणि त्यांच्या चिथावणीवरून काही जणांनी प्रत्यक्ष विषप्रयोगाचा प्रयत्न केला. स्वतः विष घालण्याचा आरोप मल्हाररावांवर कधीच नव्हता. पेल्याशी ज्यांचा संबंध जोडला गेला ती माणसे रेसिडेन्सीच्या नोकरीतली होती, त्यांत हवालदार रावजी आणि जमादार नरसू हे मुख्य. आणि वरची चारही वाक्ये आरोपपत्रातली आहेत. ती साक्षीतली नाहीत, निष्कर्षातलीही नाहीत. न्यायालयीन नोंदीत एकच वाक्य आरोपपत्रात, सरकारी वकिलाच्या भाषणात, साक्षीदाराच्या जबानीत, उलटतपासणीच्या प्रश्नात आणि शेवटी अहवालात असे पाच ठिकाणी येऊ शकते. पाचही ठिकाणी त्याचा बोलणारा वेगळा आणि वजन वेगळे.

याचे ठळक उदाहरण रावजीच्या पट्ट्यात सापडलेल्या सोमलाच्या पुडीचे. मुंबईहून आलेल्या पोलिसांनी ती शोधून काढली, असे सरकारी बाजूचे म्हणणे. ती पोलिसांनीच तिथे ठेवली, असा मल्हाररावांच्या वकिलाचा युक्तिवाद. वकील होते इंग्लंडहून आलेले सार्जंट बॅलंटाइन. सारांशात ‘पुडी पोलिसांनी ठेवल्याचे साक्षीत उघड झाले’ असे आले तर वकिलाचा युक्तिवाद साक्षीदाराच्या तोंडी गेला. ‘रावजीकडे विष सापडले’ एवढेच आले तर वादग्रस्त गोष्ट निर्विवाद झाली. दोन्हींपैकी सारांश करणाऱ्याला कोणती बाजू पटते यावर चूक कुठल्या दिशेला होईल हे ठरते. तपासणाऱ्याने आपल्याला पटणारी वाक्ये म्हणूनच जास्त कडकपणे पाहावीत. बॅलंटाइन यांच्या नावामागचा ‘सार्जंट’ हा इंग्लंडमधल्या ज्येष्ठ बॅरिस्टरांचा जुना दर्जा होता. त्यावरून कुणी त्यांना फौजेतला किंवा पोलिसातला अधिकारी केले, तर तो पहिल्या प्रकारचा, म्हणजे बनवलेल्या तपशिलाचा दोष. असे तपशील सहसा खोटेपणातून येत नाहीत. अर्धवट कळलेला शब्द पूर्ण करण्याच्या घाईतून येतात.

चौथे विधान सरळ चुकीचे आहे. आयोगात सहा सदस्य होते: बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड, मेलव्हिल, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव. कामकाज २३ फेब्रुवारी १८७५ला सुरू झाले आणि मार्चमध्ये संपले. तिघा इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध झाल्याचे मत दिले. तिघा भारतीय सदस्यांच्या मते विषप्रयोगाला चिथावणी दिल्याचा आरोप सिद्ध होत नव्हता. ‘आयोगाने दोषी ठरवले’ या वाक्यातला ‘आयोग’ हा कर्ताच अस्तित्वात नाही. तीन विरुद्ध तीन अशी दोन मते आहेत. शिवाय आयोगाचे काम चौकशी करून सरकारला मत कळवण्याचे होते, शिक्षा सुनावण्याचे नव्हते. उलट्या बाजूचा सारांशही तपासायला हवा. ‘तिघा भारतीयांनी मल्हाररावांना निर्दोष ठरवले’ हे वाक्य अभिमानाने लिहिले जाते, पण गंभीर आरोप सिद्ध न होणे आणि माणूस निर्दोष ठरणे यांत अंतर आहे. तिघांनी आपापली मते स्वतंत्र मांडली. ती एका वाक्यात कोंबायची तर तिघांनाही लागू पडेल एवढेच विधान करता येते. ‘सर्वांनी’, ‘दोघांनीही’, ‘सभासदांचे मत पडले की’ अशा सामूहिक कर्त्यांखाली प्रत्येकाची स्वतंत्र ओळ शोधावी लागते ती याच कारणासाठी.

पाचवे विधान सर्वांत शिकवणारे. मल्हाररावांना पदच्युत करण्याचा जाहीरनामा एप्रिल १८७५मध्ये निघाला आणि त्यात सरकारने कारण स्वतःच लिहून ठेवले: उघड गैरवर्तन, घोर गैरकारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता. विषप्रयोगाच्या चौकशीच्या निष्कर्षावर हा निर्णय आधारलेला नाही, हेही त्यात म्हटले आहे. आयोगाचे मत दुभंगल्यावर सरकारने तो आधार सोडला आणि गैरकारभाराचा धरला. आतली कारणे काय होती यावर इतिहासकार लिहू शकतात. चौकशी झाली नसती तर मल्हारराव गेले असते का, हा प्रश्नही रास्त आहे. पण तो विवेचनाचा प्रांत. कागदपत्रांच्या सारांशात ‘त्यामुळे’ लिहायचे तर कागदात तसे असावे लागते, आणि इथे कागद नेमके उलट सांगतो.

एक अवघड जागा याच प्रकरणात आहे. समजा, आयोगाच्या कामकाजाच्या सारांशाच्या शेवटी असे वाक्य आहे: ‘पुढे २७ मे १८७५ला कवळाण्याचे गोपाळराव दत्तक गेले आणि सयाजीराव म्हणून गादीवर आले.’ हे खरे आहे. तरीही ते तपासणीत नापास होते, कारण मार्चमध्ये संपलेल्या कामकाजाच्या नोंदीत मे महिन्यातली गोष्ट असूच शकत नाही. तपासणीचा निकष नोंदीतला आधार हा आहे; जगातले खरेपण हा दुसरा निकष, त्यासाठी दुसरी साधने लागतात. खरे पण निराधार वाक्य तपासणाऱ्याला ओळखीचे असल्यामुळे सहज पुढे जाते, आणि वाचकाचा समज होतो की हे साक्षीत आले होते. असे वाक्य ठेवायचेच असेल तर सारांशाबाहेर, संपादकाची भर म्हणून ठेवावे. याच्या उलटही होते. साक्षीदार खोटे बोलला असेल, तरी तो जे बोलला तेच सारांशात त्याच्या नावावर यायला हवे. सारांश करणाऱ्याने ते परस्पर दुरुस्त करायचे नसते.

या सगळ्याला एक मर्यादा आहे: नोंदच चुकलेली असेल तर तिच्याशी तंतोतंत जुळणारा सारांशही चुकतो. १८७५च्या चौकशीत साक्षीदारांपैकी पुष्कळ जण देशी भाषांत बोलत होते आणि छापील नोंद इंग्रजीत आहे. साक्षीदाराचे मूळ शब्द आणि आपण यांच्यामध्ये दुभाषा उभा आहे. गोरव्यातल्या सभेत हेच लहान प्रमाणात घडते. गुजरातीत ‘काले’ म्हणजे कालही आणि उद्याही. नोंद करणाऱ्या मराठी माणसाने ते ‘काल’ असे उतरवले तर न झालेली भेट झालेली ठरते. ‘पावणेदोन’ आणि ‘सव्वादोन’ यांत पन्नास हजारांचा फरक पडतो, आणि आवाज स्पष्ट नसेल तर आधी चूक कानाची होते. दोन माणसे एकाच वेळी बोलली की वाक्य भलत्याच नावापुढे जाते. पुढच्याच ओळीत तोच माणूस स्वतःच्या प्रश्नाला उत्तर देताना दिसला, तर नावे उलटसुलट झाल्याची शंका घ्यावी. अशा जागी ध्वनिमुद्रण असेल तर ऐकावे. नसेल तर ‘नोंदीनुसार’ असे लिहून थांबावे. अंदाजाने दुरुस्त केलेली ओळ पुढे कुणालाच तपासता येत नाही.

आधार न मिळालेल्या तुकड्याचे काय करायचे, हे दोषाच्या प्रकारावर ठरते. बनवलेला तपशील काढून टाकायचा. त्याच्या जागी दुसरा ‘बरोबर’ तपशील बाहेरून आणून बसवायचा नाही. मोठा झालेला दावा नोंदीच्या मापाचा करायचा: ‘ठरले’चे ‘सुचवले’, ‘आहे’चे ‘असल्याचे म्हटले’. चुकीच्या नावावर गेलेले वाक्य योग्य नावावर न्यायचे, आणि बोलणारा ओळखता येत नसेल तर ‘एक सभासद’ म्हणून ठेवायचे. दुरुस्तीनंतर बदललेली वाक्ये पुन्हा एकदा नोंदीशी लावावी लागतात, कारण वाक्य जोडताना नवा ‘त्यामुळे’ किंवा ‘म्हणून’ आपसूक येतो. सारांशातून काय राहून गेले हे पाहण्याची फेरी यानंतरची. ती नोंदीकडून सारांशाकडे, म्हणजे उलट्या दिशेने होते, आणि दोन्ही फेऱ्या एकदम केल्या तर दोन्ही कच्च्या राहतात. समासात ओळींचे आकडे असलेली प्रत मूळ नोंदीसोबत दप्तरी ठेवावी. पुढे एखाद्या वाक्यावर वाद निघाला, तर सगळी सभा पुन्हा उकरून काढण्याऐवजी तेवढी एक ओळ उघडून दाखवता येते.